वाईट वर्षाच्या तोंडावर पैसे घातले, तर परतावा शून्य की उणे साडेचौदा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादे चांगले वर्ष पाहून माणूस फंडात मोठी रक्कम घालतो आणि पुढच्याच वर्षी बाजार पडतो. मग हातात येणाऱ्या दोन कागदांवर दोन वेगळे परतावे असतात. त्यांत इतका फरक असतो की कोणीतरी फसवतंय, असंच वाटतं. मला येणाऱ्या प्रश्नांत या एका प्रसंगाबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण वापरलं आहे, म्हणजे आकडे पुन्हा पुन्हा नव्याने समजून घ्यावे लागणार नाहीत.

१. माझ्या स्टेटमेंटवर दोन वर्षांचा परतावा ० टक्के आहे. माझे तर एक लाख गेले! आकडा चुकलाय का?

बहुतेक वेळा चुकलेला नसतो. आपलं उदाहरण असं आहे. तुम्ही १,००,००० एका फंडात घातले. तेव्हा एका युनिटचा भाव १० होता, म्हणून तुम्हाला १०,००० युनिट मिळाले. वर्षभरात भाव २५ टक्के वाढून १२.५० झाला आणि तुमचे १,२५,००० झाले. हे पाहून तुम्ही आणखी ५,००,००० घातले. १२.५० च्या भावाने त्यांचे ४०,००० युनिट आले. पुढच्या वर्षी भाव २० टक्के पडून पुन्हा १० वर आला. आता तुमच्याकडे ५०,००० युनिट आहेत आणि त्यांची किंमत ५,००,००० आहे. घातले होते ६,००,०००. म्हणजे एक लाखाचा तोटा खराच आहे.

पण फंडाकडे पाहा. भाव १० होता आणि दोन वर्षांनी १० च आहे. फंडाने काही दिलं नाही आणि काही घेतलंही नाही. स्टेटमेंटवरचे ० टक्के ही त्या भावाची हकिगत आहे. तुमच्या एक लाखाची हकिगत सांगणारा आकडा वेगळा आहे आणि तो वर्षाला −१४.६ टक्के येतो. पहिल्याला कालभारित परतावा म्हणतात, दुसऱ्याला रक्कमभारित परतावा.

२. कालभारित परतावा काढतात कसा? माझी भर त्यात कुठे जाते?

कुठेच जात नाही, आणि हाच त्या पद्धतीचा हेतू आहे. ज्या ज्या दिवशी पैसे आत आले किंवा बाहेर गेले, त्या दिवशी काळाचा धागा तोडायचा. प्रत्येक तुकड्याचा परतावा स्वतंत्र काढायचा आणि मग तुकडे गुणाकाराने जोडायचे. आपल्याकडे दोन तुकडे आहेत. पहिल्यात १ चे १.२५ झाले, दुसऱ्यात १ चे ०.८० झाले. १.२५ गुणिले ०.८० म्हणजे बरोबर १. परतावा शून्य.

पहिल्या तुकड्यात एक लाख होते आणि दुसऱ्यात सव्वासहा लाख, हे या गुणाकाराला माहीतच नसतं. दोन्ही वर्षांना सारखंच वजन मिळतं. जिथे युनिटचा भाव रोज जाहीर होतो तिथे एवढाही खटाटोप नको. शेवटच्या भावाला सुरुवातीच्या भावाने भागलं की झालं, कारण नवे पैसे आले तर युनिटची संख्या वाढते, भाव त्यामुळे हलत नाही. मात्र फंडाने मधे लाभांश वाटला असेल तर तो पुन्हा फंडात घातला असं धरूनच भाव जोडावा लागतो.

३. आणि रक्कमभारित परतावा? तो स्वतः काढता येतो का?

येतो. स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. कल्पना अशी, की तुम्ही घातलेली प्रत्येक रक्कम आपापल्या दिवसापासून एकाच वार्षिक दराने वाढली किंवा घटली असं समजायचं आणि ज्या दराने सगळ्यांची बेरीज आजच्या किमतीइतकी होते तो दर शोधायचा. आपल्या उदाहरणात पहिले एक लाख दोन वर्षं राहिले आणि नंतरचे पाच लाख एक वर्ष. हा दर दर वर्षी ०.८५४१ पट असा येतो. ताळा करून पाहा: एक लाखाचे दोन वर्षांनी सुमारे ७२,९५० होतात, पाच लाखांचे एका वर्षाने सुमारे ४,२७,०५०. बेरीज ५,००,०००. म्हणजे दर वर्षाला १४.५९ टक्के घट.

स्प्रेडशीटमध्ये तारखा एका रकान्यात आणि रकमा शेजारच्या रकान्यात लिहा. घातलेली रक्कम उणे, शेवटची किंमत अधिक. पुढल्या तारखा फक्त नमुन्याच्या आहेत.

```
A1: 2022-01-01    B1: -100000
A2: 2023-01-01    B2: -500000
A3: 2024-01-01    B3:  500000

=XIRR(B1:B3, A1:A3, -0.1)
```

कंसातला शेवटचा `-0.1` हा अंदाज आहे. तो का द्यावा हे प्रश्न १२ मध्ये सांगितलं आहे. शेवटच्या ओळीत आजची किंमत अधिक चिन्हाने घालायला लोक हमखास विसरतात. ती नसेल तर सूत्राला उत्तर देताच येत नाही.

४. एवढं कशाला? सहा लाखांवर एक लाख गेला, म्हणजे १६.७ टक्के तोटा. बस्स.

हा आकडा खोटा नाही, पण तो कशाच्याही शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. त्यात वेळ नाही. पाच लाख वर्षभर गुंतलेले होते की पाच वर्षं, दोन्हींसाठी तो १६.७ च सांगेल. शिवाय तो वार्षिक दरही नाही, त्यामुळे मुदत ठेवीच्या व्याजाशी किंवा दुसऱ्या फंडाच्या वार्षिक परताव्याशी त्याची गाठ घालता येत नाही.

त्याचा एक उपयोग मात्र आहे. तुम्ही फक्त पैसे घातले असतील, मधे काढले नसतील, तर हा आकडा आणि रक्कमभारित परतावा यांचं चिन्ह नेहमी सारखंच असतं: दोन्ही अधिक, दोन्ही उणे किंवा दोन्ही शून्य. तुमच्या हिशेबात एक उणे आणि एक अधिक आला तर कुठल्यातरी रकमेचं चिन्ह किंवा तारीख चुकली आहे. कालभारित परताव्याच्या चिन्हावर असा भरवसा ठेवता येत नाही. तो चांगला दोन आकडी अधिक असतानाही तुम्ही तोट्यात असू शकता.

५. मी पाच लाख घातलेच नसते, किंवा वाईट वर्ष आधी आलं असतं, तर?

घातले नसते तर एक लाखाचे सव्वा लाख आणि सव्वा लाखाचे पुन्हा एक लाख. दोन्ही पद्धती ० टक्के सांगतात. मधे पैशाची ये-जा नसेल तर दोन्हींत फरक पडायला जागाच उरत नाही.

क्रम उलटा केला की खरी गंमत दिसते. पहिल्या वर्षी २० टक्के घट, एक लाखाचे ८०,०००. मग पाच लाखांची भर, एकूण ५,८०,०००. दुसऱ्या वर्षी २५ टक्के वाढ, ७,२५,०००. आता सव्वा लाखाचा फायदा झाला. रक्कमभारित परतावा वर्षाला १७.४ टक्के निघतो. आणि कालभारित? ०.८० गुणिले १.२५, म्हणजे तोच शून्य.

फंड तोच, तीच दोन वर्षं, भर तेवढीच. फक्त क्रम बदलला तर एका माणसाला −१४.६ आणि दुसऱ्याला १७.४. कालभारित परताव्याला या दोघांतला फरक दिसत नाही.

६. मग फंड चांगला आहे की वाईट, हे कोणत्या आकड्यावरून ठरवू?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण छापील उत्तर अर्धवट असतं. ते उत्तर असं: पैसे कधी घालायचे हे फंड व्यवस्थापकाच्या हातात नसतं, म्हणून त्याला कालभारित परताव्यावर तोला आणि त्याची तुलना निर्देशांकाच्या कालभारित परताव्याशी करा. हे बरोबरच आहे. आपल्या फंडाचा निर्देशांक पहिल्या वर्षी १८ टक्के वाढला आणि दुसऱ्या वर्षी १२ टक्के पडला असं धरू. १.१८ गुणिले ०.८८ म्हणजे १.०३८४, वर्षाला सुमारे १.९ टक्के. फंड ० टक्क्यांवर आहे. म्हणजे व्यवस्थापक वर्षाला जेमतेम दोन टक्के मागे. फार वाईट दिसत नाही.

आता तुमच्याच रकमा, तुमच्याच तारखांना, फंडाऐवजी निर्देशांकात गेल्या असत्या असं समजा. एक लाखाचे १,१८,००० झाले असते. पाच लाख घालून ६,१८,०००. त्यावर १२ टक्के घट म्हणजे ५,४३,८४०. तुमच्याकडे आहेत ५,००,०००. म्हणजे फंड निवडल्याची किंमत ४३,८४० पडली. या काल्पनिक निर्देशांकी गुंतवणुकीचा रक्कमभारित परतावा काढला तर तो −८.१ टक्के येतो.

हे तीन आकडे एका ओळीत ठेवा: १.९, −८.१, −१४.६. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची दहा टक्क्यांची उतरण वेळेमुळे आली. ती निर्देशांकात पैसे घातले असते तरी आलीच असती. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतची साडेसहा टक्क्यांची उतरण फंडामुळे आली.

कालभारित हिशेबात फंड वर्षाला फक्त दोन टक्के मागे होता, मग इथे साडेसहा कसे? पहिल्या वर्षी फंड निर्देशांकाच्या सात टक्के पुढे होता, पण तेव्हा तुमचा फक्त एक लाख तिथे होता. दुसऱ्या वर्षी तो आठ टक्के मागे पडला आणि तेव्हा तुमचे सव्वासहा लाख होते. व्यवस्थापकाचा चांगला काळ तुमच्या लहान रकमेच्या वाट्याला आला आणि वाईट काळ मोठ्या रकमेच्या.

म्हणून माझं मत असं आहे: फंड पुढे ठेवायचा की नाही हे कालभारित आकड्यांच्या तुलनेवरून ठरवा, पण त्यासाठी दोन वर्षं अपुरी आहेत. आणि झालेल्या नुकसानाचं कारण शोधायचं असेल तर तुमच्याच रकमा निर्देशांकात टाकून पाहा. ‘माझा −१४.६, निर्देशांकाचा १.९’ अशी थेट तुलना मात्र करू नका. एक आकडा तुमच्या वेळेसकट आहे, दुसरा वेळ वगळून, त्यामुळे वेळेमुळे आलेली घटही तुम्ही फंडाच्या माथी माराल.

७. दहा टक्के ‘वेळेमुळे’ गेले म्हणता. म्हणजे चूक माझी?

तो आकडा परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. पाच लाख त्याच आठवड्यात हाती आले आणि तुम्ही ठरल्याप्रमाणे लगेच गुंतवले, तर त्यात वेळ निवडण्याचा प्रश्नच नव्हता. बाजार पुढे पडला याचा दोष तुमच्याकडे येत नाही. उलट तेच पाच लाख वर्षभर बचत खात्यात पडून होते आणि २५ टक्क्यांचा आकडा पाहिल्यावर हलवले, तर तो वेळेबद्दलचा निर्णय होता आणि ही दहा टक्के त्याची किंमत आहे. दोन्ही प्रसंगी हिशेब अगदी सारखाच दिसतो. फरक फक्त तुम्हाला माहीत असतो.

एका प्रसंगावरून सवय ठरत नाही. तुमच्या मागच्या सात-आठ मोठ्या भरी काढून पाहा. प्रत्येक वेळी आदल्या वर्षीचा परतावा मोठा होता का? तसं असेल तर आकडा काहीतरी सांगतोय.

८. फंडवाले मग तुमचा हा −१४.६ छापत का नाहीत?

जाहिरातीत छापणं शक्यच नाही. फंडात जितके गुंतवणूकदार तितके रक्कमभारित परतावे. सगळ्यांना लागू पडणारा आकडा कालभारितच. अमेरिकेत १९६८ साली बँक ॲडमिनिस्ट्रेशन इन्स्टिट्यूटच्या अहवालाने पेन्शन फंडांच्या व्यवस्थापकांना तोलण्यासाठी याच पद्धतीची शिफारस केली, आणि आजचे जागतिक परतावा मापन मानक, जे जीआयपीएस या नावाने ओळखले जातात, तेही सर्वसाधारणपणे हीच पद्धत मागतात. पैसे कधी मागवायचे आणि कधी परत करायचे हे ज्या संस्थेच्याच हातात असतं, उदाहरणार्थ मुदतबंद खासगी इक्विटी फंडांत, तिथे अटी पाळून रक्कमभारित परतावा दाखवता येतो. तिथे वेळेचा निर्णय व्यवस्थापकाचा असतो, म्हणून त्याची जबाबदारीही त्याची.

तुमच्या स्वतःच्या खात्याच्या अहवालात मात्र दोन्ही आकडे असायला हवेत असं मला ठामपणे वाटतं. कॅनडात २०१६ पासून ग्राहकाला द्यायच्या वार्षिक अहवालात रक्कमभारित परतावा देणं बंधनकारक आहे.

९. हे एखाद्या माणसाचं दुर्दैव आहे की सगळ्यांच्याच बाबतीत घडतं?

मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. अमेरिकेतला सीजीएम फोकस हा फंड २००० च्या दशकातला तिथला सर्वोत्तम वैविध्यपूर्ण शेअर फंड मानला गेला. कालभारित परतावा वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त. २००७ साली तो सुमारे ८० टक्के वाढला. ते पाहून २००८ मध्ये गुंतवणूकदारांनी त्यात सुमारे २.६ अब्ज डॉलर ओतले आणि त्याच वर्षी फंड सुमारे ४८ टक्के पडला. मॉर्निंगस्टार या संस्थेने केलेल्या हिशेबानुसार त्या दहा वर्षांत सरासरी गुंतवणूकदाराचा रक्कमभारित परतावा वर्षाला सुमारे −११ टक्के निघाला.

प्रश्न १ मधलंच चित्र आहे हे: लहान रकमेवर मोठी वाढ, मग भर, मग मोठ्या रकमेवर घट. फंडाने खोटं काही छापलं नव्हतं. १८ टक्के ज्याला मिळाले तो सुरुवातीला पैसे घालून पुढे काही न करता बसलेला माणूस होता, आणि असे फार थोडे होते.

१०. पुढच्या वर्षी फंड २५ टक्के वाढला. आता तरी दोन्ही आकडे जुळतील ना?

जवळ येतील, जुळणार नाहीत. भाव १० वरून १२.५० होईल, तुमचे ५०,००० युनिट ६,२५,००० चे होतील. तीन वर्षांचा कालभारित परतावा वर्षाला ७.७ टक्के. रक्कमभारित फक्त १.९ टक्के. पाच लाखांनी १२.५० वरून १० आणि पुन्हा १२.५० असा प्रवास केला आणि आहेत तिथेच आले. फायदा झाला तो फक्त पहिल्या एक लाखावर, २५,०००.

बरोबरीत कधी येणार, हे सरासरी खरेदीभावावरून कळतं. सहा लाखांत ५०,००० युनिट, म्हणजे प्रत्येकी १२. भाव १० वरून १२ वर जायला २० टक्के वाढ हवी. ज्या दिवशी भाव १२ होईल त्या दिवशी तुमचा रक्कमभारित परतावा नेमका शून्य असेल. तो दिवस तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस आला तर फंड आपल्या पत्रकात त्याच दिवशी वर्षाला ६.३ टक्के दाखवत असेल.

इथे एक इशारा. −१४.६ हा झालेल्या गोष्टींचा हिशेब आहे. पुढल्या वर्षी तुमचे सगळे ५,००,००० फंडाच्या भावाबरोबरच हलणार आहेत. त्यामुळे ‘माझा परतावा उणे आहे, म्हणून फंड सोडतो’ हे कारण पुरेसं नाही. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

११. मी वर्षाच्या मधोमध पैसे घातले. माझ्या सल्लागाराच्या अहवालातला ‘कालभारित’ परतावा फंडाच्या भावाशी अजिबात जुळत नाही. का?

बहुधा त्या दिवशीचं मूल्यांकन न करता अंदाजी सूत्र वापरलं आहे. कालभारित परताव्यासाठी पैसे आले त्या दिवशीची खात्याची किंमत लागते. ती नसेल तर बऱ्याच प्रणाली डीट्झ यांच्या सुधारित सूत्राचा आधार घेतात. त्यात नफा-तोट्याला सुरुवातीची रक्कम अधिक वेळेच्या प्रमाणात घेतलेली भर, यांच्या बेरजेने भागतात. भर लहान असेल तर सूत्र चांगलं चालतं. भर मोठी आणि बाजार अस्थिर असेल तर ते कोलमडतं.

उदाहरण घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला १,२५,०००. पहिल्या सहा महिन्यांत ८ टक्के वाढ, १,३५,०००. मग पाच लाखांची भर, ६,३५,०००. पुढच्या सहा महिन्यांत २५ टक्के घट, ४,७६,२५०. खरा कालभारित परतावा १.०८ गुणिले ०.७५, म्हणजे −१९ टक्के. सूत्र काय करतं? तोटा १,४८,७५०. भाजक १,२५,००० अधिक पाच लाखांचे निम्मे, म्हणजे ३,७५,०००. उत्तर −३९.७ टक्के! दुपटीहून जास्त, आणि वर ‘कालभारित’ असा मथळा.

ओळखायचं कसं? खात्यात एकच फंड असेल तर अहवालातला कालभारित परतावा फंडाच्या भावाशी जुळलाच पाहिजे. शुल्काएवढा किरकोळ फरक चालेल, वीस टक्क्यांचा नाही. जीआयपीएस मानकांनी २०१० पासूनच्या काळासाठी मोठी रक्कम आली-गेली त्या दिवशी मूल्यांकन करणं सक्तीचं केलं आहे. तेव्हा सल्लागाराला एवढंच विचारा: ‘भर घातली त्या दिवशी खात्याचं मूल्यांकन केलं होतं का?’

१२. `XIRR` शून्य दाखवतं किंवा त्रुटी देतं. तोटा तर डोळ्यांसमोर आहे.

हे सूत्र उत्तर थेट काढत नाही, अंदाज घेत घेत त्याच्या जवळ जातं. तुम्ही अंदाज दिला नाही तर ते अधिक १० टक्क्यांपासून सुरुवात करतं आणि खरं उत्तर बरंच उणे असेल तर कधी वाटेतच अडकतं. एक्सेलमध्ये अशा वेळी `2.98E-09` असा आकडा दिसतो. टक्क्यांत मांडला की तो ०.०० टक्के होतो आणि माणूस गाफील राहतो. तोटा असेल तर तिसऱ्या जागी `-0.1` किंवा `-0.3` द्या. आलेलं उत्तर प्रश्न ३ मध्ये केला तसा ताळा करून तपासा.

तुम्ही फक्त पैसे घातले असतील आणि शेवटी एक किंमत असेल तर बरोबर उत्तर एकच असतं. मधे मोठ्या रकमा काढून पुन्हा घातल्या असतील, तर क्वचित समीकरणाला एकाहून जास्त उत्तरं निघतात. तेव्हा वेगवेगळे अंदाज देऊन पाहा. उत्तरं वेगळी आली तर हा आकडा वापरू नका, नफा-तोटा रकमेतच सांगा.

१३. पैसे घालून दोनच महिने झाले, १० टक्के तोटा आहे. पण ॲप −४७ टक्के दाखवतं!

ॲपने ६० दिवसांचा वेग वर्षभर तसाच चालेल असं धरलं. ०.९० चा सुमारे सहावा घात केला की ०.५३ च्या आसपास येतं, म्हणून −४७. गणित बरोबर, पण अर्थ काहीच नाही. एका वर्षाहून कमी काळाचा परतावा वार्षिक करू नये. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत साधे १० टक्केच लक्षात ठेवा.

१४. मी भर घातली नाही, उलट वाईट वर्षाआधी पैसे काढले. मग?

मग सगळं उलट होतं. वाईट वर्षात तुमची थोडीच रक्कम उरली होती, म्हणून रक्कमभारित परतावा कालभारिताहून वर जातो. लाभांश हाती घेत असाल तर तोही काढलेली रक्कमच. त्याच्या तारखेला अधिक चिन्हाने लिहा. परत त्याच फंडात गुंतवला जात असेल तर काहीच लिहू नका, तो युनिटच्या संख्येत आलेलाच असतो.

१५. माझे पाच लाख आधीपासून त्याच खात्यात रोकड म्हणून होते. मी ते फक्त फंडात वळवले. आता कुठला आकडा खरा?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न आहे, कारण इथे पैशाची हालचाल तीच राहून दोन्ही आकडे बदलतात. खात्यात पहिल्या दिवशी ६,००,००० होते: एक लाख फंडात, पाच लाख बिनव्याजी रोकड. पहिल्या वर्षाअखेर १,२५,००० अधिक ५,००,०००, म्हणजे ६,२५,०००. संपूर्ण खात्याची वाढ ४.१७ टक्के. मग सगळी रोकड फंडात गेली आणि २० टक्के घट होऊन ५,००,००० उरले.

खात्याच्या दृष्टीने बाहेरून काहीच आलं नाही. रोकडीतून फंडात जाणं ही आतली हालचाल. म्हणून खात्याचा कालभारित परतावा १.०४१७ गुणिले ०.८०, म्हणजे दोन वर्षांत −१६.७ टक्के, वर्षाला −८.७ टक्के. रक्कमभारित परतावाही नेमका तोच, कारण ये-जा नाही (प्रश्न ५). फंडापुरतं पाहिलं तर मात्र जुनेच आकडे: ० आणि −१४.६.

हिशेबाची सीमा कुठे आखली यावर आकडा ठरला. रोकड सीमेच्या आत घेतली की तुमचा वेळेचा निर्णय कालभारित परताव्यातही उतरतो, कारण पैसे कधी वळवायचे हे खातं सांभाळणाऱ्यानेच ठरवलं. ते खातं तुम्ही स्वतः सांभाळत असाल तर तुमच्या कामगिरीचा आकडा −८.७ आहे. सल्लागार सांभाळत असेल आणि रोकड कधी गुंतवायची हे त्याने ठरवलं असेल, तर −८.७ त्याच्या नावावर जातो आणि फंडापुरता ० टक्के दाखवून त्याला सुटता येत नाही. रोकड तुमच्या सांगण्यावरून थांबली आणि तुमच्या सांगण्यावरून वळली असेल, तर अहवालात ती रक्कम वेगळी काढून दाखवायला त्याला सांगा. सल्लागाराशी करार करतानाच रोकड हिशेबाच्या आत की बाहेर हे लिहून घेतलं असेल, तर दोन वर्षांनी वाद घालायची वेळ येत नाही.